मदत हवी आहे: सातभाई पक्ष्यांच्या नोंदी जुळत नाहीत

यवतमाळकडच्या आमच्या शाळेच्या बागेत सातवीची पोरं सातभाईंचा इथोग्राम, म्हणजे वर्तनांची व्याख्यांसह यादी, करत आहेत. दर मिनिटाला मी हात वर करतो (शिट्टीने पहिल्याच दिवशी थवा उडाला!) आणि त्या क्षणी प्रत्येक पक्षी काय करतोय ते पोरं लिहितात.

काल दोघींनी एकच थवा पाहिला, तर वीसपैकी बाराच नोंदी जुळल्या. घोळ ‘खाणे’ या शब्दाचा. एकीने पालापाचोळा उलटवणंही त्यात धरलं, दुसरीने किडा गिळला तरच. आता ‘पाला उलटवणे’ आणि ‘गिळणे’ वेगळे केले.

पण झुडपात शिरलेल्या पक्ष्याचं काय? ‘दिसत नाही’ असं लिहून टक्केवारी काढताना त्या नोंदी वगळायच्या, की एकूणात धरायच्या? वगळल्या तर उघड्यावरचंच वर्तन जास्त दिसेल ना? कोणी केलं असेल तर सांगा जी.