फोटो टाकून मराठीत उत्तर मागितलं तर भरवसा ठेवावा का?

काटोलकर: संत्र्याची पानं वरून काळी पडून राहिली. फोनवरच्या एआय ॲपमध्ये फोटो टाकला, तर उत्तर हिंदीत आलं. मराठीत मागता येते का? आणि आलं तर त्यावर फवारणीचा खर्च करावा का?

महालवाली: आधी सेटिंगमध्ये भाषा मराठी करा, मग सगळं मराठीतच येतं.

धंतोली_४४: ताई, सेटिंगनं मुख्यतः बटणं मराठी होतात. उत्तराची भाषा बहुतेक वेळा आपण फोटोसोबत काय लिहितो त्यावर ठरते. नुसता फोटो टाकला की ते अंदाज बांधते. "या पानावर काय दिसते ते मराठीत सांग", एवढी ओळ देवनागरीत लिहा.

काटोलकर: लिहिली. मराठीत आलं. म्हणते, "काळी बुरशी आहे, बुरशीनाशक फवारा."

नरखेडचा बागवाला: थांबा भाऊ, फवारू नका! ही कोळशी वाटते. काळी माशी पानाचा रस शोषते, चिकट गोड पाणी सोडते आणि त्यावर ती काळी बुरशी वाढते. माशी राहिली तर बुरशीनाशकाचा पैसा पाण्यात.

सीताबर्डी एक्सप्रेस: म्हणूनच मी म्हणतो, मराठीत विचारूच नका. इंग्रजीत विचारा अन् मग मराठी करून घ्या.

नरखेडचा बागवाला: मी माझ्या बागेतला तसलाच फोटो इंग्रजीत विचारून पाहिला. तिथंही बुरशीच सांगितली. भाषेचा काय दोष? फोटो पानाच्या वरच्या बाजूचा होता, किडे खालून बसतात. पान उलटं करा, उजेडात जवळून काढा.

काटोलकर: काढला. आता "काळ्या माशीची पिल्लं, कडेला पांढरी झालर" असं आलं. कोळशी शब्द मात्र नाही. "हीच का कोळशी?" विचारलं तर हो म्हणालं.

सीताबर्डी एक्सप्रेस: ते कशालाही हो म्हणते बाप्पा. डिंक्या आहे का विचारून पाहा.

काटोलकर: विचारलं. "शक्यता नाकारता येत नाही" म्हणते! डिंक्यात तर खोडातून डिंक गळतो, मी पान दाखवलं होतं.

नरखेडचा बागवाला: म्हणून आपण नाव सुचवायचंच नाही. "काय काय दिसते" एवढंच विचारायचं.

महालवाली: माझ्या आजेसासऱ्यांचा हातानं लिहिलेला फेरफार वाचून देईल का? छापील वीजबिल तर बरोबर वाचलं होतं.

धंतोली_४४: हातचं अक्षर असलं की जपून. माझ्याकडच्या कागदात १ चा ९ केला, अन् उत्तर इतकं सफाईदार मराठीत की शंकाच येऊ नये. आधी "जसंच्या तसं उतरवून दे" म्हणा, आकडे मूळ कागदाशी जुळवा, अर्थ मग विचारा.

सीताबर्डी एक्सप्रेस: एवढं जुळवत बसायचं तर तलाठ्याकडेच जावं की.

काटोलकर: मी पानं पिशवीत घालून उद्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत नेतो. फवारणी तोवर थांबवली.