नॉर्मल मोड: सामान्य, लंब, की आणखी काही?

शुभदा
बी.एस्सी.च्या मुलांसाठी ताणलेल्या तारेवरचं एक टिपण मराठीत करते आहे. दोन्ही टोकं पक्की, तार एक तृतीयांश अंतरावर उचलून सोडली, तर पुढे काय होतं, एवढाच विषय. 'नॉर्मल मोड'ला मी 'सामान्य दोलनप्रकार' लिहिलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'लंब दोलनप्रकार' केलं. मला दोन्ही खटकतंय. तुम्ही काय लिहाल?

दर्यावर्दी
सामान्यच ठेवा. तार नेहमी जशी हलते, ती तिची सामान्य तऱ्हा. त्रिकोणी उचलली तर त्रिकोणच लहानमोठा होत वरखाली होणार. यात लंब कुठून आला?

जुना मास्तर
दर्यावर्दी, त्रिकोण टिकत नाही. सोडल्याबरोबर कोपऱ्याचे दोन होतात आणि दोन टोकांकडे पळू लागतात. मधे उचललेली तार घ्या. एका आवर्तनाच्या आठव्या भागानंतर तिचा माथा सपाट झालेला असतो, उंची निम्मी. चौथ्या भागाला ती क्षणभर पूर्ण सरळ असते. आकार टिकवून वरखाली होणं हेच तर मोडचं लक्षण, आणि ते फक्त शुद्ध ज्या-वक्राच्या आकारालाच साधतं. बोटाने छेडलेली तार तशी कधीच सुरू होत नाही, म्हणून 'सामान्य' उलटा अर्थ देतो.

बाईंच्या 'लंब'मागे मात्र खरी गोष्ट आहे. दोन वेगळ्या मोडचे वक्र गुणून तारेच्या लांबीभर संकलन केलं, तर शून्य येतं; गणितात यालाच ते एकमेकांना लंब आहेत असं म्हणतात. त्यामुळेच सुरुवातीच्या आकारातून एकेकाचा वाटा निवडून काढता येतो. शुभदाताईंच्या उदाहरणात, तार h इतकी उचलली असेल तर n व्या मोडचा वाटा b_n असा:

b_n = (9h / n²π²) · sin(nπ/3)

h 3 मिमी घेतला, तर पहिल्याचा वाटा सुमारे 2.4 मिमी, दुसऱ्याचा 0.6, तिसऱ्याचा शून्य, चौथ्याचा 0.15 पण उलट दिशेने. तिसरा गेला, कारण जिथे बोट लावलं तिथेच त्याचा निस्पंद, म्हणजे न हलणारा बिंदू, आहे. सोडल्यावर हे वाटे बदलत नाहीत. जो तो आपापल्या वारंवारतेने हलतो. पण नुसतं 'लंब' वाचून मुलगा समजेल की तार लांबीला आडवी हलते, आणि ते तर इथे प्रत्येक मोडबद्दल खरं आहे. वेगळेपण सांगितलंच जात नाही.

शब्दवेल्हाळ
संख्याशास्त्रात नॉर्मलला 'प्रसामान्य' रूढ आहे, तोच घ्या. आणि मास्तर 'ज्या' म्हणाले, तर सांगतोच: ज्या म्हणजे धनुष्याची दोरी! आर्यभटाच्या अर्धज्येची ज्या झाली, जीवा झाली, अरबीत 'जिबा' झाली, तिथे 'जैब' अशी वाचली गेली आणि लॅटिनात 'सायनस' म्हणून पोचली. ताणलेल्या दोरीचं उत्तर दोरीच्याच नावाने लिहायचं! साइन म्हणणाऱ्यांनी जरा विचार करावा. तंबोऱ्याची जवारीसुद्धा जीवेवरूनच आली, असं माझं ठाम मत.

दर्यावर्दी
विद्यार्थी परीक्षेत साइनच लिहितात. 'प्रसामान्य'ने मुलाला काय कळणार?

खुंटी
जवारी 'जीव'वरून, असं आमच्याकडे मानतात. घोडीवर तारेखालचं सूत नीट बसलं की तारेत जीव येतो. पण माझी अडचण वेगळी आहे. मी तीस वर्षं तंबोरा छेडते, बोट साधारण तारेच्या मध्याजवळ. मास्तरांच्या हिशोबाने मध्यावर छेडलं तर दुसरा, चौथा असे सगळे सम संनादी जायला हवेत. मला ते ऐकू येतात, आणि स्वयंभू गंधारही घुमतो. मग सूत्र चुकतंय का?

जुना मास्तर
गंधार पाचव्यातून येतो. मध्यावर छेडल्याने तो जात नाही. सम संनादींची शंका रास्त आहे. सूत्र दोन्ही टोकं घट्ट धरलेली मानतं. तंबोऱ्याची तार घोडीच्या वक्र माथ्यावर टेकते-सुटते, म्हणजे ते टोक पक्कं उरत नाही. एकाचा वाटा दुसऱ्यात जातो आणि नसलेले संनादी उगवतात. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. सूत काढून छेडून बघा, फरक लगेच कळेल.

खुंटी
सूत काढलं की आवाज बोथट होतो, हे रोजचंच. त्याचं कारण इतकं आत असेल असं वाटलं नव्हतं.

शब्दवेल्हाळ
पण मग जवारी जीवेवरून की जीवावरून?

शुभदा
मास्तर, 'एकलय दोलन' कसं वाटतं? त्या मोडमध्ये तारेचे सगळे बिंदू एकाच लयीत हलतात आणि एकदमच मधल्या रेषेवर येतात.

जुना मास्तर
अर्थ नेमका धरलात. पण 'लय' वाचून गाणाऱ्याला विलंबित-द्रुत आठवेल. खुंटीताईंना विचारा.

खुंटी
मला तरी तेच आठवलं.