आरसिंक सुरू केलं की घरातले व्हिडिओ कॉल अडकतात, अपलोडचा वेग बांधून कसा ठेवायचा? मदत हवी आहे

कृष्णाकाठ

मी साताऱ्यात घरून व्हिडिओ संकलनाचं काम करतो. काम झालं की मूळ फायली पुण्यातल्या स्टुडिओच्या सर्व्हरवर पाठवाव्या लागतात. एका चित्रीकरणाच्या फायली ४० जीबीपर्यंत जातात. घरच्या लिनक्स मशीनवरून असं पाठवतो:

```
rsync -av --partial ~/kaam/ studio@server:/footage/
```

हे सुरू झालं की बायकोचा ऑफिसचा कॉल बिघडतो. तिला समोरच्यांचं ऐकू येतं, पण तिचा आवाज तुटत तुटत जातो आणि चित्र गोठतं. संध्याकाळी बाबा टीव्हीवर मालिका बघतात, तीही मध्येच थांबून गोल फिरत बसते. प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे. अपलोड मोजला तर १२ च्या आसपास येतो.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आरसिंकला मर्यादा घालायची तर नेमका आकडा किती ठेवू? आणि मी फक्त फायली वर पाठवतोय, मग बाबांची मालिका का अडते? ती तर खाली येते.

सह्याद्री_८२

१०० चं कनेक्शन असून अडकतंय म्हणजे वायफायचाच घोळ. टीव्ही ५ गीगाहर्ट्झवर टाका आणि डीएनएस बदलून बघा. माझ्याकडे डीएनएस बदलल्यावर सगळं झटपट उघडायला लागलं.

कृष्णाकाठ

सह्याद्री, टीव्ही आणि माझं मशीन दोन्ही केबलने जोडलेत. आरसिंक बंद केलं की मालिका लगेच नीट चालते. त्यामुळे डीएनएसचा संबंध नसावा.

टर्मिनलवाली

`nice -n 19` लावून चालवा, म्हणजे आरसिंक बाकीच्यांना वाट देईल. नाहीतर सरळ `--bwlimit=5000` द्या, ५ एमबीपीएसला थांबेल. एखादीच फाइल असेल तर `scp -l 600` पण चालतं.

जुना_खांब

टर्मिनलवाली, `--bwlimit` हा पर्याय बरोबर आहे, पण आकडा चुकतोय. आरसिंक हा आकडा सेकंदाला किती किलोबाइट असा वाचतं, आणि इंटरनेटचा वेग आपण बिटमध्ये मोजतो. ५००० दिलं तर मर्यादा ४१ एमबीपीएसच्या आसपास जाते. यांची लाइनच १२ ची आहे, म्हणजे ती मर्यादा असून नसल्यासारखी. `scp -l` चं उलटं आहे. तिथे आकडा किलोबिटमध्ये द्यायचा असतो, म्हणून ६०० लिहिलं तर सेकंदाला जेमतेम ७५ किलोबाइट जातील आणि ४० जीबी पाठवायला सहा दिवस लागतील. `nice` फक्त प्रोसेसरवरची पाळी ठरवतं, नेटवर्कला त्याचा काही उपयोग नाही.

कृष्णाकाठ, आधी मालिकेचं सांगतो, म्हणजे आकडा का तसा ठेवायचा ते कळेल. टीव्हीला व्हिडिओचे तुकडे मिळत राहतात तसतशा त्यांच्या पोचपावत्या तुमच्या घरातून सर्व्हरकडे परत जातात. त्या आकाराने अगदी लहान असतात, पण जातात अपलोडच्याच वाटेने. तुमचं आरसिंक लाइन झेपेल त्याहून जास्त माल राउटरकडे ढकलतं. राउटर तो टाकून देत नाही, रांगेत साठवतो. रांगेत एक मेगाबाइट साठला तरी १२ एमबीपीएसच्या लाइनवर तो बाहेर पडायला सेकंदाचा दोन तृतीयांश भाग लागतो. बाबांच्या टीव्हीची पोचपावती आणि वहिनींचा आवाज, दोन्ही त्या रांगेच्या शेवटी उभे राहतात. पोचपावती उशिरा पोचली की पलीकडचा सर्व्हर पुढचे तुकडे सावकाश पाठवतो. म्हणून डाउनलोड रिकामा असूनही मालिका थांबते.

यावरून आकडा निघतो. ही रांग साठूच द्यायची नाही, म्हणून सगळ्यांची बेरीज १२ च्या खाली राहायला हवी. एका चांगल्या प्रतीच्या व्हिडिओ कॉलला वर पाठवायला ३ ते ४ एमबीपीएस धरा. घरात एका वेळी दोन कॉल होऊ शकत असतील तर ७ बाजूला ठेवा. उरले ५. पाच एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ६,२५,००० बाइट, त्याला १०२४ ने भागलं की ६१० येतात. दिवसा ६०० ठेवा:

```
rsync -av --partial --bwlimit=600 ~/kaam/ studio@server:/footage/
```

या वेगाने ४० जीबीला १८ तास लागतील, हे आधीच लक्षात घ्या. बराचसा माल रात्रीच पाठवावा लागेल.

लावल्यावर दोन खिडक्यांमध्ये पिंग चालू ठेवा, एक राउटरच्या पत्त्यावर आणि एक बाहेरच्या एखाद्या पत्त्यावर. बाहेरचा आकडा चढला आणि राउटरचा स्थिर राहिला, तर रांग अपलोडच्या तोंडाशी आहे. राउटरचाही चढला, तर घरातलीच जोडणी बघायची.

कृष्णाकाठ

करून बघितलं. आरसिंक बंद असताना बाहेरचा पिंग १८ मिलिसेकंद. मर्यादेशिवाय चालवलं की ६५० च्या वर. ६०० ची मर्यादा लावल्यावर २० ते ३०. राउटरचा सगळा वेळ १ च्या आतच. दुपारी बायकोचा कॉल सुरू असताना पाठवत होतो, एकदाही तुटला नाही. मनापासून आभार.

आता रात्रीचं विचारतो. चालू असलेल्या आरसिंकचा वेग मध्येच वाढवता येतो का?

जुना_खांब

नाही, चालू असताना बदलता येत नाही. थांबवून नव्या आकड्याने पुन्हा सुरू करायचं. तुम्ही `--partial` देताच आहात, त्यामुळे अर्धी गेलेली फाइल तिकडे राहते आणि गेलेला भाग पुन्हा पाठवला जात नाही. मात्र मोठ्या फाइलवर पुन्हा सुरुवात केली की दोन्ही बाजू तो भाग वाचून ताडून बघतात. तोवर आकडा हलत नाही आणि अडकल्यासारखं वाटतं. तेव्हा घाईने बंद करू नका.

रात्रीसाठी क्रॉनमध्ये अशी ओळ टाका:

```
0 23 * * * timeout 8h rsync -a --partial --bwlimit=1200 ~/kaam/ studio@server:/footage/
```

रात्री ११ ला सुरू होऊन सकाळी ७ ला आपोआप थांबेल. १२०० म्हणजे १० एमबीपीएसच्या किंचित खाली. रात्री कोणी जागं नसलं तरी पूर्ण १२ देऊ नका, एसएसएचचा थोडा भार वर लागतोच. तेवढ्या वेळात ३५ जीबी जातील. सर्व्हर पासवर्ड विचारत असेल तर क्रॉनमध्ये हे चालणार नाही, त्यासाठी एसएसएचची किल्ली लावून घ्या.

एक गोष्ट मात्र पाळा. दिवसाचं आरसिंक ११ च्या आधी बंद झालेलं हवं. मर्यादा प्रत्येक आरसिंकची स्वतंत्र असते. ६०० आणि १२०० एकाच वेळी चालले तर बेरीज पावणेपंधरा एमबीपीएसला जाते आणि रांग पुन्हा साठते.

फोटोवाला_मिरज

माझा प्रश्न यातलाच आहे. मी लग्नाचे फोटो विंडोजवरून फाइलझिलाने क्लायंटच्या सर्व्हरवर टाकतो. मला हे कमांडचं जमत नाही. तिथे काही आहे का? आणि मी एका वेळी अनेक फायली पाठवतो, मग प्रत्येकीला वेगळी मर्यादा लागते का?

टर्मिनलवाली

आहे. वरच्या ट्रान्सफर मेनूत वेगमर्यादेचा पर्याय आहे, त्यात अपलोडचा आकडा भरा आणि मर्यादा चालू करा. तिथेही आकडा किलोबाइटमध्येच, म्हणजे जुना_खांब यांचा हिशोब तसाच लागू पडतो. प्रत्येक फाइलला वेगळी मर्यादा लागत नाही, सगळ्या मिळून एकच. जुना_खांब, बिट आणि बाइटचं नीट सांगितलंत ते बरं झालं. माझ्या जुन्या स्क्रिप्टमध्येही ५००० च आहे, आज बदलते.

कृष्णाकाठ

परत आलोय. दुपारी सगळं छान चालतं, पण रात्री ८ ते १० मध्ये ६०० वरही पिंग २०० च्या पुढे जातो आणि मालिका अडकते. आत्ता सगळं बंद करून अपलोड मोजला तर ५ च भरला. ऑपरेटर म्हणतो, संध्याकाळी गर्दी असते.

जुना_खांब

मग कारण उघड आहे. ६०० म्हणजे ४.९ एमबीपीएस, आणि तुमची अख्खी लाइनच ५ वर आली आहे. ठरावीक आकड्याची हीच अडचण, लाइन खाली आली तरी आरसिंकला ते कळत नाही. सध्या ८ ते १० मध्ये पाठवणं बंद ठेवा, किंवा १५० वर आणा.

कायमचा उपाय राउटरवर करावा लागतो. ओपनडब्ल्यूआरटी चालवणारा राउटर असेल तर त्यात एसक्यूएम बसवून केक ही रांग निवडता येते. केक प्रत्येक उपकरणाचा माल वेगळा धरतं, त्यामुळे आरसिंकच्या ढिगामागे कॉल आणि पोचपावत्या अडकत नाहीत.

टर्मिनलवाली

केक त्यांच्या लिनक्स मशीनवरच लावलं तर? `tc` ने लागतं ना?

जुना_खांब

लागतं, पण त्या मशीनला फक्त स्वतःचाच माल दिसतो. वहिनींचा लॅपटॉप आणि टीव्ही त्यातून जात नाहीत, त्यामुळे त्यांना पुढे काढणं त्याच्या हातात नाही. या घरासाठी त्याचा फायदा `--bwlimit` इतकाच. सगळ्यांचा माल जिथून बाहेर पडतो तिथेच ते लावायला हवं.

कृष्णाकाठ

राउटर ऑपरेटरने दिलेला आहे. आत शिरलो तर वायफायचं नाव आणि पासवर्ड सोडून काही बदलता येत नाही.

जुना_खांब

ऑपरेटरला त्यांचा बॉक्स ब्रिज मोडमध्ये टाकून द्यायला सांगा आणि मागे स्वतःचा राउटर लावा. काही जण देतात, काही देत नाहीत. विकत घेण्याआधी ते मॉडेल ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत आहे का ते बघा. आणि तिथेही अपलोडचा आकडा तुम्हालाच द्यावा लागतो. लाइन संध्याकाळी ५ वर येत असेल तर १० लिहून रात्री ८ ला उपयोग होणार नाही.

सह्याद्री_८२

मग रोज संध्याकाळी जाऊन आकडा बदलायचा का?

जुना_खांब

क्रॉनने वेळेप्रमाणे बदलता येतो. पिंग बघत आकडा आपोआप वरखाली करणारी केक-ऑटोरेट नावाची स्क्रिप्टही आहे, ती मुख्यतः मोबाइल नेटवर्कवरच्या लाइनींसाठी वापरतात. केबलच्या लाइनवर मी ती स्वतः चालवलेली नाही. कोणी चालवली असेल तर इथे लिहा.

कृष्णाकाठ

ऑपरेटरला ब्रिज मोडचं विचारलंय, उत्तर यायचंय. तोवर दिवसा ६००, रात्री ११ नंतर १२००, आणि ८ ते १० बंद.