केस बदलणे आणि चेहरा बदलणे

> AI मॉडेलनं फोटोतले केस बदलणं म्हणजे फेस स्वॅपच ना, फक्त उलटा?

उलटा म्हणून भागत नाही. फेस स्वॅपमध्ये चेहऱ्यावर चेहरा बसतो, मागं भोक पडत नाही. केस काढले की पडतं. राजारामपुरीत आमच्या स्टुडिओत एका ताईंना बॉबकट कसा दिसेल ते बघायचं होतं. मी फक्त नवे केस येणार तेवढाच भाग मास्क केला, म्हणजे मॉडेलला बदलायला नेमून दिला, तर बॉबखालून जुनी वेणी खांद्यावर तशीच लोंबत राहिली! जुने आणि नवे, दोन्ही केसांची जागा मास्कमध्ये घ्यावी लागते. वेणीमागचा गळा, पदर मॉडेल अंदाजानंच रंगवतं. कानातलं तर भलतंच आलं.

दुसरी गंमत म्हणजे हनुवटीवरचा तीळ पुसट झाला, मास्क तिथं नसतानाही. बरीच मॉडेल्स अख्खा फोटो आकुंचित रूपात नेऊन पुन्हा उलगडतात, त्यात बारकावे जातात. म्हणून मूळ फोटोतला भुवयांपासून हनुवटीपर्यंतचा भाग कडा मऊ करून वर परत बसवायचा. कपाळ सोडायचं, नाहीतर नव्या बटांची सावली जाते आणि टोप घातल्यासारखं दिसतं. शेवटी मूळ आणि नवा फोटो एकावर एक लेयर म्हणून ठेवून Difference मोडवर बघा, त्यात सारखा भाग काळा दिसतो: मऊ कडा सोडून बसवलेला चेहरा पूर्ण काळा दिसला तरच तो मूळचा.