ज्वारीची उकड, नाचणीचं आंबील... तुमच्या घरी कसं करतात?

शेंगाचटणी: शेजारच्या काकूंनी आज उकड काढली आणि वास थेट आमच्या ओट्यापर्यंत, एकदम आजीच आठवली. भाकरीचं पीठ जुनं होऊन त्याची विरी गेली की आजी ते थंड पाण्यात मळायचीच नाही. वाटीभर पाणी खळखळ उकळायचं, चिमूटभर मीठ, त्याच वाटीनं वाटीभर पीठ, उलथण्याच्या दांड्यानं पटापट हलवून गॅस बंद, वर झाकण. तुमचंही लिहा.

रात्रपाळी: मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आणा, उकड बिकड काही लागत नाही. २०१६ ला जीआय मिळालाय उगीच नाही

काटवट: ताजं दळलेलं असेल तर खरंय दादा, पण महिनाभर डब्यात पडलेलं पीठ मालदांडीचं असलं तरी थापताना फाटतंच. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा मुळात नसतो, उकळत्या पाण्यात तिचा स्टार्च फुगतो आणि तोच गोळा धरून ठेवतो, म्हणून नुसतं कोमट पाणी घेतलं तर काही होत नाही. झाकण पाच-सात मिनिटं काढू नका, आतलं कोरडं पीठ वाफेवरच भिजतं. मग परातीत काढून गरम असतानाच तळहाताच्या टाचेनं रगडायचं, हात पाण्यात बुडवत. गोळा दाबून बघा, कडेला भेगा पडल्या तर अजून पाण्याचा हात, परातीला चिकटत राहिला तर चमचाभर कोरडं पीठ. जुन्या पिठाला वाटीला दोन चमचे पाणी जास्तच लागतं.

पुण्यातली सोलापूरकर: इथे पॅकेटचं पीठ मिळतं ते किती जुनं देवच जाणे 😭 मी मूठभर कणीक मिसळते, जमतं की

काटवट: जमतं हो, पण मग भाकरीची चव राहत नाही, आणि ज्यांना गहू चालत नाही त्यांना ती देऊ नका

बाळाची आई: माझी नाचणीच्या पेजेत गुठळ्या होतात त्याचं सांगा ना कुणीतरी, सासूबाई म्हणतात सारखं ढवळ, हात दुखला पण गुठळ्या तशाच

अक्कलकोट रोड: ताई पीठ उकळत्या पाण्यात टाकता ना? गुठळी वरून शिजते, आत कोरडीच राहते, मग कितीही ढवळा. दोन चमचे पीठ अर्धी वाटी गार पाण्यात आधी कालवा, मग दोन वाट्या उकळत्या पाण्यात बारीक धार सोडा, दुसऱ्या हातानं ढवळत. मंद गॅसवर सात-आठ मिनिटं, कच्चा वास जाऊन चकाकी आली की झालं. गार झाल्यावर घट्ट होतं, म्हणून पातळच उतरवा. मोठ्यांच्या आंबिलात ताक घालायचं तर निवल्यावरच, गरमात फाटतं.

रात्रपाळी: आंबिलात लसूण ठेचून घाला, स्वर्ग

बाळाची आई: बाळाला लसूण?? 😅 कालवून बघते आज

शेंगाचटणी: बरं उकडीत मीठ घालावं की नाही, आमच्याकडे यावरून भांडण आहे

काटवट: आम्ही घालतो. जाऊबाई म्हणतात नको, कालवणात असतंच की.

पुण्यातली सोलापूरकर: ते सोडा, सोलापूरहून येताना कुणी कडक भाकरी आणेल का? शनिवारी येणारं आहे कुणी?