सुट्या सिगारेटवरची बंदी टपरीवर का टिकत नाही?

मंदार_सातारा: महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुटी सिगारेट आणि विडी विकायला बंदी आहे. १८ वर्षांखालच्यांना विकायला तर २००३च्या तंबाखू कायद्यापासूनच. तरी आमच्या क्लासच्या गल्लीत दहावीची पोरं टपरीवर एकेक घेऊन ओढतात. कुणी पकडत का नाही? मला तरी हप्त्यांशिवाय कारण दिसत नाही.

कडक_चहा: हप्ता कशाला लागतोय, दंडच २०० रुपये! तेवढे टपरीवाला तासाभरात कमावतो. दंड ५० हजार करा, सगळे सुतासारखे सरळ होतील.

जुना_निरीक्षक: हप्ते नसतातच असं मी म्हणणार नाही, पण या कारवाया मी जवळून पाहिल्यात. २०० रुपयांचं अर्धंच खरं आहे. तंबाखू कायद्यात अल्पवयीनाला विकल्याचा दंड तेवढाच, आणि तो जागेवर पावती फाडून मिटवता येतो. पण २०१५च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७७ बघा: मुलाला तंबाखू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. म्हणजे कडक शिक्षा आहेच, ती लावायची कशी हा प्रश्न.

मंदारचीच गल्ली घ्या. पोरानं सिगारेट घेतली, पथकानं पाहिलं. आता त्याचं वय सिद्ध करायला दाखला हवा, जबाब हवा, म्हणजे आईवडील आले. 'आमच्या मुलाचं नाव कोर्टात नको' म्हणत ते हात जोडतात आणि साक्षीदार तिथेच संपतो. गिऱ्हाईक सज्ञान आहे हे दाखवायची जबाबदारी नियमाने विक्रेत्यावर आहे, पण विक्री झालीच नाही म्हणाला तर ती आधी तुम्हीच दाखवायची.

सुटीचं तर आणखी अवघड. राज्याचा आदेश पाकिटावरच्या धोक्याच्या इशाऱ्याच्या कलमावर उभा आहे: सुट्या कांडीवर चित्र नाही, म्हणून ती विकायची नाही. पण त्या कलमाचा गुन्हा २०० रुपयांच्या पावतीवर मिटत नाही, कोर्टात न्यावा लागतो. झडती-जप्तीला किमान उपनिरीक्षक किंवा त्या दर्जाचा अधिकारी लागतो, बीटवरचा शिपाई चालत नाही. आणि गल्ल्याखाली फोडलेलं पाकीट सापडलं की मालक शांतपणे म्हणतो, 'साहेब, ते माझं स्वतःचं आहे.' म्हणून पथकं '१८ खालच्यांना विक्री नाही' हा फलक नसल्याची पावती फाडतात आणि पुढच्या चौकात जातात. आकडे तयार होतात, टपरी तशीच.

पानपट्टी_नाका: मी टपरी चालवतो, माझंही ऐका. पाकीट घेणारं गिऱ्हाईक चार दिवस फिरकत नाही. सुटी घेणारा रोज येतो, सोबत चहा, गोळी घेतो, आमचं दुकान त्याच्यावर चालतं. एकट्यानं सुटी बंद केली तर गिऱ्हाईक पलीकडच्या टपरीवर जाणार, बाकी काही होत नाही. युनिफॉर्ममधल्याला मी हाकलतो. पण संध्याकाळी टीशर्टमध्ये दाढी फुटलेला पोरगा आला की मी आधारकार्ड मागू? शिव्या खातो मी.

वैशाली_प: तुमची अडचण पटते, बचाव पटत नाही. शाळेतलं पोर पहिल्यांदा दहा कांड्यांचं पाकीट घेतच नाही, तेवढे पैसेही नसतात आणि घरी लपवणार कुठे? एक कांडी घेतो, दोरीला बांधलेल्या लायटरवर पेटवतो, बडीशेप खाऊन घरी जातो. पाकिटाच्या ८५ टक्के भागावरचं ते चित्र त्याला दिसतही नाही. सुटी बंद झाली तर सुरुवातच अवघड होईल.

रात्रपाळी: उलट आहे. मी सुट्या कांड्या घ्यायचो तेव्हा दिवसाला तीन ओढायचो. पाकीट खिशात आलं की सात-आठ होतात. मोठ्यांना पाकीट घ्यायला लावून तुम्ही कुणाचं भलं करताय?

वैशाली_प: तुमच्या तीनसाठी दहावीच्या मुलाची पहिली सोडायची का?

गच्चीवरचा: आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावरचे काका ओढतात, धूर थेट आमच्या खोलीत येतो. त्यावर कोणतं कलम लागतं?

जुना_निरीक्षक: काका स्वतःच्या घरात ओढत असतील तर हा कायदा लागत नाही. वेगळा धागा काढा.

मंदार_सातारा: आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांत तंबाखू विकायची नाही या नियमाचं काय? टपरी क्लासच्या भिंतीला लागूनच आहे.

जुना_निरीक्षक: तिथंच मेख आहे. अंतर शाळा-कॉलेजच्या कुंपणापासून मोजतात, आणि नियमातली शैक्षणिक संस्था म्हणजे मान्यताप्राप्त शाळा, महाविद्यालय वगैरे. खासगी क्लासवर बोट ठेवलं तर टपरीवाल्याचा वकील आधी हाच मुद्दा काढेल. मी असतो तर तक्रार क्लासच्या नावानं न करता जवळच्या शाळेच्या कुंपणापासून टेप लावून केली असती.

कडक_चहा: म्हणजे शेवटी दंड वाढवाच. कर्नाटकानं कायदा दुरुस्त करून वय २१ केलं, सुटी विक्री कायद्यातच घातली, दंड हजारापर्यंत नेला.

जुना_निरीक्षक: सुटी विक्री थेट कायद्यात आली हे चांगलं, आपल्याकडं तेच हवंय. पण हजार रुपयांसाठी टपरीजवळ उभं कोण राहणार, हे तिथंही ठरायचंय. माझ्या मते विक्रेत्याला परवाना द्या आणि तो रद्द होण्याची भीती ठेवा.

पानपट्टी_नाका: परवाना म्हणजे आणखी एक टेबल, साहेब. त्या टेबलावर काय ठेवावं लागतं ते तुम्हाला माहीत आहे.