मदत हवी आहे: पोस्टपेड बिलात गेमची खरेदी लागून येते, बंद कशी करायची?

अमळनेरकर: वडिलांचं पोस्टपेड कनेक्शन आहे, प्लॅन 399 चा. दर महिन्याला जीएसटी धरून 470.82 येतात. या वेळी 1113.02 आले. बिलात 35 रुपयांच्या चार नोंदी आहेत, नाव नुसतं ‘गेम्स’. त्याशिवाय 159 च्या तीन नोंदी गूगलच्या नावाने आहेत. सुट्टीत भाचा आला होता, फोन त्याच्याच हातात असायचा. कार्ड किंवा यूपीआय कुठेच जोडलेलं नाही. मग पैसे गेले कसे?

केळीबाग_रावेर: 1909 वर डीएनडी लावून टाका, हे सगळं बंद होतं.

बिलवाचक: डीएनडीने जाहिरातींचे फोन आणि मेसेज थांबतात, खरेदी थांबत नाही. अमळनेरकर, तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी झाल्यात आणि दोन्हींचे दरवाजे वेगळे आहेत.

आकडे मांडून बघा. 399 अधिक 140 म्हणजे 539. त्यावर 18 टक्के जीएसटी 97.02, झाले 636.02. त्यात 159 गुणिले तीन, म्हणजे 477 मिळवले की बरोबर 1113.02. म्हणजे 35 वाली सेवा सिमकार्ड कंपनीच्याच खात्यातली आहे, म्हणून तिच्यावर वरून कर लागला. गूगलच्या किमतीत कर आधीच धरलेला असतो.

आधी 35 वालं थांबवा, कारण ते दर आठवड्याला पुन्हा लागेल. त्याच सिमवरून 155223 ला STOP पाठवा किंवा तिथे फोन करून चालू सेवांची यादी ऐका आणि एकेक बंद करा. बंद झाल्याचा मेसेज जपून ठेवा. अॅप काढून टाकल्याने हे थांबत नाही, वर्गणी नंबरावर असते. मोबाईल डेटावर पान उघडलं की नंबर कंपनीला आपोआप कळतो, म्हणून नंबर टाकावा लागत नाही. वायफायवर तेच पान नंबर विचारतं.

पारोळा_७: माझे पण दर महिन्याला 149 जातात, बँकेतून. यूपीआय ऑटोपे आहे म्हणे. ते पण 155223 वरूनच बंद होईल ना?

बिलवाचक: नाही दादा. तुमचा प्रश्न वेगळा आहे. तुमच्या यूपीआय अॅपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट असं पान असेल, तिथून रद्द करा.

अमळनेरकर: STOP पाठवला, बंद झाल्याचा मेसेज आला. आता गूगलचं काय?

बिलवाचक: प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे फोटोवर टॅप करा, Payments & subscriptions, मग Payment methods. तिथे कंपनीच्या नावाचं बिलिंग दिसेल ते काढा. पण एवढ्यावर थांबू नका. सिम त्या फोनमध्ये आहे तोवर पुढच्या खरेदीच्या वेळी तोच पर्याय पुन्हा समोर येऊ शकतो, आणि पोराला तो सुरू करायला वेळ लागत नाही.

खरं कुलूप Settings मधल्या Purchase verification मध्ये आहे. तिथे प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायला लावा. 30 मिनिटांची सवलत ठेवलीत तर एकदा पासवर्ड टाकल्यावर पोरगं अर्धा तास मोकळं सुटतं. आणि फोनमध्ये भाच्याच्या बोटाचा ठसा नोंदवलेला असेल तर तो आधी पुसा, नाहीतर कुलपाची किल्ली त्याच्याच हातात.

भुसावळ_जंक्शन: परतावा पण मागून बघा. खरेदीला 48 तास झाले नसतील तर play.google.com/store/account वरून लगेच अर्ज होतो. नंतर गेम बनवणाऱ्याला लिहायचं. ऑर्डर नंबर GPA ने सुरू होतो, तो पावतीच्या ईमेलमध्ये मिळेल. पोस्टपेडमध्ये मंजूर झालेला पैसा बिलात जमा दिसायला दोन बिलंही जाऊ शकतात, तोवर रोज फोन करत बसू नका.

केळीबाग_रावेर: मग प्रीपेड घ्यायचं, झंझटच नको.

बिलवाचक: अर्धं बरोबर. अमर्याद कॉलच्या पॅकमध्ये बॅलन्स नसतो, म्हणून कापायलाच काही राहत नाही. पण 100 चा टॉपअप मारला की 81.75 खात्यात पडतात, आणि चालू वर्गणी त्यातलेच उचलते. लोक म्हणतात ‘बॅलन्स खाल्ला’, ते बहुतेक हेच. नुसतं प्रीपेड केल्याने वर्गणी बंद होत नाही, यादी एकदा ऐकाच.

35 वाल्यासाठी 198 वर तक्रार करा आणि ‘संमतीचा मेसेज कधी आणि कुठून आला ते दाखवा’ असं विचारा. दुहेरी संमती घेणं ट्रायने बंधनकारक केलंय. तक्रार क्रमांक घ्या. उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांत कंपनीच्याच अपील विभागाकडे जाता येतं, फी नाही.

अमळनेरकर: ठसा खरंच होता भाच्याचा, पुसला. 198 वाला म्हणतो संमती ओटीपीने दिली आहे, आणि नंबरावर खरेदीच कायमची बंद करून द्या म्हटलं तर ‘अशी सोय नाही’ म्हणतो. दुसऱ्या फोनवर दुसरीने ‘होईल, लेखी अर्ज द्या’ सांगितलं.

भुसावळ_जंक्शन: अर्ज द्या, पोच घ्या. आणि तो ओटीपी फोनमध्ये आलाय का ते मेसेजमध्ये शोधा. ओटीपी आलेला आहे, पण भाच्याने टाकलाच नाही असं असेल तर सेटिंग्जमध्ये कोणत्या अॅपला नोटिफिकेशन वाचायची परवानगी दिलीय ते बघा.

अमळनेरकर: बघतो. एका टॉर्च अॅपला आहे.